गाळलेल्या जागा

"काकू नमस्कार. मला बिझनेस सुरू करायचा आहे. कृपया मार्गदर्शन करा."

असे मेसेज मला नेहमी येतात. मी बँकेत छोट्या कर्जांच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावरही इंदूरच्या मराठी मंडळींमध्ये माझा नंबर हातोहात फिरत राहिला. कोणाच्या भाच्याला नोकरी नको असते, कोणाच्या सुनेला घरबसल्या काहीतरी हवं असतं. मेसेजचा मजकूर बहुतेक एकच. कसला धंदा ते नाही, पैसे किती आहेत ते नाही, कुठे बसणार तेही नाही. शाळेच्या पेपरात गाळलेल्या जागा भरा असा प्रश्न असायचा, तसा हा मेसेज. फरक इतकाच की इथे वाक्य सोडून सगळंच गाळलेलं.

पूर्वी सहकारी हसायचे अशा माणसाला. "प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन या," म्हणून वाटेला लावायचे. तो बिचारा बाहेरच्या टायपिंगवाल्याकडून कोणाचा तरी जुना रिपोर्ट नाव बदलून आणायचा. पापडाच्या कारखान्याच्या रिपोर्टात मधूनच एखाद्या पानावर मेणबत्त्यांचा खप लिहिलेला मी स्वतः वाचलाय. मला मात्र या कोऱ्या मेसेजचं हसू येत नाही, काळजी वाटते. कारण या जागा फार दिवस रिकाम्या राहत नाहीत. त्या भरून द्यायला बाजारात माणसं टपलेलीच असतात, आणि ती माझ्यापेक्षा पुष्कळ लवकर उत्तर देतात.

ज्याच्याबद्दल सांगतेय तो मुलगा आमच्या ओळखीतल्या बाईंचा धाकटा. बी.कॉम. झालेला, पंचविशीच्या पुढचा. मी त्याला उत्तरादाखल तीन-चार प्रश्न पाठवले होते. त्यावर संध्याकाळी उत्तराऐवजी एक पीडीएफ आली. "काकू, हे कसं वाटतं? सगळं क्लियर आहे यात."

आणि खरंच होतं. कापसाच्या वाती करायचं मशीन. किंमत 68,000 रुपये, ट्रेनिंग फुकट. कच्चा कापूस कंपनीच देणार, 300 रुपये किलोने. तयार वाती कंपनीच परत घेणार, 600 रुपये किलोने. दिवसाला 3 किलो माल निघतो असं लिहिलेलं, म्हणजे दिवसाचे 900, महिन्याचे 26 दिवस धरले तर 23,400. जागा म्हणाल तर घरातला कोपरा पुरे. भांडवल म्हणाल तर कंपनीच लोनची कागदपत्रं करून देणार. खाली समईचा फोटो आणि "महिलांसाठी सुवर्णसंधी".

बघा, तिन्ही जागा भरल्या. धंदा कोणता? वाती. पैसे कुठून? लोन. जागा? घर. शिवाय चौथी एक जागा, जी त्या मुलाला दिसलीही नव्हती, तीसुद्धा भरून दिली: माल घेणार कोण? आम्हीच घेणार. या योजनेची सगळी ताकद त्या चौथ्या वाक्यात आहे. गिऱ्हाईक शोधायची भीती ज्याला वाटते त्याला कोणी म्हटलं की गिऱ्हाईक मीच, तर तो बाकीचं काही वाचतच नाही.

मी करार मागवला. असतोच तो, स्टॅम्पपेपरवर, शिक्क्यासकट. त्यातली दोन वाक्यं मला वाचायची होती. पहिलं, माल परत घेताना "दर्जा कंपनीच्या निकषांनुसार" असेल. निकष काय ते कुठेच नाही. वातीची लांबी नाही, जाडी नाही, ओलावा किती चालेल ते नाही. दुसरं, माल पोचवण्याचा खर्च आणि जबाबदारी मशीन घेणाऱ्याची. पुढे काय होतं हे बँकेत थकलेल्या कर्जांच्या फायलींत मी पाहिलं आहे. पहिली खेप पास होते, पैसे वेळेवर येतात, तो आनंदाने आणखी दोन नातेवाइकांना मशीन घ्यायला लावतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पत्र येतं की वात सैल आहे, पिवळट आहे, गाठी आहेत. माल परत. भाडं तुमचं. कापूस त्यांच्याकडूनच घ्यायची अट असते, त्यामुळे तो महाग पडत असला तरी बाहेरून आणता येत नाही. मशीन विकायला काढलं तर कोणी विचारत नाही. अगरबत्ती, द्रोण-पत्रावळी, पेन्सिल पॅकिंग, मेणबत्त्या, सगळ्यांत साचा हाच. माल कोणताही असो, अशा कंपनीची कमाई मशीन विकून आणि कच्चा माल विकून होते. तयार मालाशी तिला फारसं देणंघेणं नसतं.

सगळेच वातीवाले लबाड असतात असं मी म्हणत नाही. खऱ्या गरजेपोटी घरोघरी काम देणारे लोक आहेत, आपल्याकडे पापड-लोणच्यांचं कितीतरी काम असंच चालत आलं आहे. म्हणून ओळखायची एक साधी परीक्षा मी सांगते. त्या माणसाला म्हणायचं, "मशीन तुमचंच राहू द्या. कापूसही तुमचाच. मी मजुरीवर वाती करून देतो, किलोमागे 100 रुपये द्या." विचार करा, ज्याला 600 रुपये किलोने वाती हव्याच आहेत त्याला 300 चा कापूस आणि 100 ची मजुरी म्हणजे 400 रुपयांत माल मिळतोय. त्याने उडी मारली पाहिजे. मुलाने फोन केला. पलीकडून उत्तर आलं की कंपनीच्या पॉलिसीत बसत नाही. दोन दिवसांनी त्याच माणसाचा मेसेज, मशीनवर 8,000 ची सूट.

तरी मी त्याला म्हटलं, राजवाड्याच्या आसपास पूजासाहित्याची दुकानं आहेत, तिथे विकणारा म्हणून जा आणि वाती काय भावाने घ्याल ते विचार. विकत घेणारा म्हणून नको, विकणारा म्हणून. तो गेला. दुकानदारांनी सांगितलेला भाव कंपनीच्या भावापेक्षा बराच खाली होता, आणि वर एकाने विचारलं, "भिया, महिन्याचं उधार चालेल ना?" वातीचा विषय तिथे संपला. पण हा प्रश्न त्याच्या डोक्यात राहिला, ते पुढे उपयोगी पडलं.

आता माझे प्रश्न. धंदा कोणता करणार हे मी पहिल्यांदा विचारतच नाही. ज्याला ते ठाऊक असतं त्याने मेसेजमध्येच लिहिलं असतं. भांडवल किती हेही विचारत नाही, कारण त्याला लोक खोटं बोलतात. ज्याच्याकडे आहे तो कमी सांगतो, ज्याच्याकडे नाही तो "अरेंज होईल" म्हणतो. मी विचारते, सध्या दिवसभर काय करतोस? घरात दर महिन्याला किती देतोस? आणि किती रुपये बुडाले तर घरात भांडण होईल पण चूल थांबणार नाही?

शेवटच्या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं. तो म्हणाला, 10,000. साठवलेले 22,000 होते, पण त्यातले 12,000 आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला बाजूला काढलेले. झालं, त्याचं भांडवल 10,000 आहे. बाकी सगळी हवा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याने अगदी उडवून लावल्यासारखं दिलं. "काही नाही काकू, सियागंजच्या बाजूला पॅकिंग मटेरियलच्या ठोक दुकानात आहे. बिलिंग करतो, माल काढून देतो. 14,000 देतात." कॉलेज संपल्यापासून तिथेच. मी विचारलं, 500 एमएलचा डबा झाकणासकट काय भावाने जातो? क्षणाचाही विलंब न लावता तो म्हणाला, "कोणता? साधा पारदर्शक की काळा? काळा हिंज्ड की वेगळ्या झाकणाचा? पाचशेचा खोका घेणार की सुटे?"

अनेकांचं असंच होतं. ज्या कामाचा कंटाळा आलेला असतो ते काम त्यांना धंदा म्हणून दिसतच नाही. धंदा म्हणजे काहीतरी नवीन, यूट्यूबवर दिसतं तसं. या मुलाला डब्याचा भाव, कोणत्या फॅक्टरीचं झाकण कोणत्या डब्याला बसत नाही, कोणता माल गरम आमटी घातल्यावर वाकतो, सगळं पाठ होतं. त्याने मला तळाचा त्रिकोण दाखवला. आत 5 आकडा असेल तर पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, गरम चालतं. 6 असेल तर पॉलिस्टायरीन, त्यात गरम वस्तू घालू नये. मी इतकी वर्षं श्रीखंडाचे डबे धुऊन ठेवतेय, तळाशी आकडा असतो हे कधी पाहिलं नव्हतं.

मग प्रश्न उरला तो चौथ्या जागेचा. हे घेणार कोण? छप्पन दुकान किंवा सराफ्यातल्या खाण्यापिण्याच्या मोठ्या दुकानांचा विचार मी सुरुवातीलाच बंद करायला लावला. त्यांचे पुरवठेदार ठरलेले असतात, माल ढिगाने लागतो आणि पैसे महिन्या-दोन महिन्यांनी निघतात. 10,000 वाला माणूस तिथे पहिल्याच बिलात बुडतो. मी म्हटलं, तुमच्या दुकानातून रिकाम्या हाताने परत कोण जातं ते सांग.

यावर तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "टिफिनवाल्या बायका." भंवरकुआ भागात कोचिंगला आलेली मुलं खोल्या करून राहतात, त्यांना जेवण पुरवणाऱ्या कितीतरी बायका आहेत. काहींकडे स्टीलचे डबे फिरतात, पण बरीच मुलं डबा परत करत नाहीत म्हणून आता पुष्कळ ठिकाणी प्लॅस्टिकच्या डब्यांतच जेवण जातं. या बायका ठोक दुकानात येतात, पण दुकानदार खोका फोडत नाही. पाचशे नगांचा खोका 2,500 रुपयांना. तीन आकाराचे डबे लागतात, म्हणजे तीन खोके, पुन्हा पोळ्यांसाठी फॉइल, लाकडी चमचे. (प्लॅस्टिकच्या चमच्यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे आणि आपल्या शहरात दंडाची पावती फाडायला वेळ लागत नाही.) एवढे पैसे एकदम घालायला त्यांच्याकडे नसतात, आणि घरात इतके खोके ठेवायला जागाही नसते. मग त्या गल्लीतल्या दुकानातून पंचवीसचं पाकीट घेतात आणि डब्यामागे साडेसात रुपये मोजतात.

पाच आणि साडेसात. या दोहोंच्या मधे त्याची जागा होती. खोका घ्यायचा, फोडायचा, पन्नास-पन्नासचे गठ्ठे करून दारात नेऊन द्यायचे, सव्वासहा रुपयांना. नगामागे सव्वा रुपया, म्हणजे विक्रीवर 20 टक्के.

इथून पुढे आम्ही वही घेतली. उलट बाजूने, म्हणजे खालून वर. नोकरी सोडायची तर महिन्याला 14,000 सुटले पाहिजेत. पेट्रोल, फोन, फुटतूट मिळून 4,000 धरले. एकूण 18,000. विक्रीवर 20 टक्के सुटतात, तर 18,000 साठी महिन्याला 90,000 ची विक्री लागेल. ऐकून त्याचा चेहरा पडला. मग गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिलं. दिवसाला 30 जेवणं देणारी बाई, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 780 जेवणं. एका जेवणाला एक मोठा डबा, दोन छोटे, फॉइल, चमचा असं मिळून 13 रुपयांच्या आसपास पॅकिंग. महिन्याचे झाले साधारण 10,000. म्हणजे अशा नऊ बायका. 90,000 हा आकडा अंगावर येतो, नऊ बायका येत नाहीत. नऊ घरं कुठे आहेत ते तो बोटावर मोजून सांगू शकत होता.

भांडवलाचं गणित यानंतर येतं, आधी नाही. महिन्याला 90,000 विकायचे तर 72,000 चा माल आणावा लागेल, म्हणजे दिवसाला 2,400 चा. ठोकवाला रोख मागतो. घरात 10 दिवसांचा साठा ठेवला आणि बायकांनी 15 दिवसांनी पैसे दिले, तर 25 दिवस आपले पैसे बाहेर अडकलेले. 2,400 गुणिले 25, झाले 60,000. तेच जर दर आठवड्याला हिशेब मिटवायचा ठरवलं आणि साठा पाच दिवसांचाच ठेवला, तर 12 दिवसांचे पैसे लागतात, 28,800. धंदा तोच, विक्री तीच, गिऱ्हाइकंही तीच. लागणारं भांडवल मात्र निम्म्याहून कमी. लोक बँकेत येऊन म्हणतात, पैशांवाचून अडलंय. पुष्कळदा ते उधारीच्या अटीवर अडलेलं असतं.

उधारीचं आणखी एक गणित मी त्याला करायला लावलं. 10,000 वाली एक बाई 15 दिवसांची उधारी ठेवून खोली बदलून गेली, तर 5,000 बुडाले. 20 टक्क्यांच्या धंद्यात 5,000 भरून काढायला 25,000 ची जादा विक्री करावी लागते. वातीच्या दुकानदाराचा "महिन्याचं उधार" त्याला तेव्हा आठवला.

आणि जागा? 10 दिवसांचा साठा म्हणजे 24,000 चा माल, दहा-एक खोके. वजनाला काहीच नाही, पण आकाराने अवाढव्य. त्यांच्या घरी जिन्याखाली बसत होते. दुकान, गाळा, पागडी, काहीच लागत नव्हतं. ज्या तीन जागा मेसेजमध्ये रिकाम्या होत्या त्या आपल्या आपण भरत आल्या.

हे सगळं कागदावर. मी त्याला नोकरी सोडू दिली नाही. रविवारी तीन खोके घेऊन जा, म्हटलं, आणि ते विकून दाखव. पण त्याआधी एक काम कर, सेठना सांग.

यावर आमची चांगलीच जुंपली. त्याचं म्हणणं, सेठना कळलं तर काढून टाकतील. माझं म्हणणं, सियागंजात गोष्टी आठ दिवसांत कळतात, मग दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळू दे. तू त्यांचं गिऱ्हाईक फोडत नाहीयेस, जी बाई रिकाम्या हाताने परत जाते तिला त्यांचाच माल नेऊन देणार आहेस. शेवटी तो सांगून आला. सेठ आधी हसले म्हणे. मग म्हणाले, उधार एक रुपयाचं देणार नाही, पण न फोडलेला खोका परत घेईन.

त्या मुलाला हे काहीच वाटलं नाही. त्याला उधारी हवी होती. मला विचाराल तर यापेक्षा चांगली सवलत नवशिक्याला मिळणं कठीण. उधारीने धोका पुढे ढकलला जातो, परतीने तो जातो. 750 एमएलचा डबा चाललाच नाही तर खोका परत, 2,500 सुटले. 10,000 घेऊन निघालेल्याला याचं मोल फार आहे.

आणि झालंही तसंच, 750 कोणालाच नको होता. पण खरा फटका दुसरीकडेच बसला. छोट्या डब्यांचा एक खोका दुसऱ्या फॅक्टरीचा निघाला. झाकणं दिसायला सारखीच, बसल्याचा आवाजही यायचा, पण पातळ आमटी घालून डबा आडवा झाला की कडेने धार. भंवरकुआच्या एका बाईंकडून फोन आला, आठ मुलांच्या पिशव्या आमटीने भिजल्या होत्या. त्याने ते डबे परत घेतले आणि बदलून दिले. फोडलेला खोका सेठ घेणार नव्हतेच. तेव्हापासून नवीन खोका आला की तो पहिल्यांदा पाच डबे काढतो, कडकडीत पाणी भरतो, झाकण लावून वर्तमानपत्रावर उलटे ठेवतो आणि दहा मिनिटांनी कागद ओला आहे का बघतो. पाचातला एक जरी गळला तरी तो खोका आमटीवालीकडे जात नाही. कोरड्या भाजीवाल्याला, फरसाणवाल्याला जातो. झाकणं आणि डबे एकाच खोक्यातले एकत्र बांधायचे, दोन खोक्यांची सरमिसळ करायची नाही, हा दुसरा नियम.

सरकारी कागदांचं थोडक्यात सांगते, कारण मेसेज करणाऱ्यांचा दुसरा मेसेज बहुधा "सबसिडी मिळेल का?" हाच असतो. उद्यम नोंदणी 2020 पासून आहे, सरकारी संकेतस्थळावर आधार नंबरावर होते आणि फुकट आहे. त्यासाठी हजार-दोन हजार घेणारे एजंट आहेत, त्यांच्याकडे जाऊ नका. जीएसटी मालाच्या धंद्यात वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला सहसा लागत नाही, आणि याची नऊ बायका जमल्या तरी 10 लाख 80 हजार होते. मुद्रा योजना 2015 ची. त्यातलं शिशु कर्ज 50,000 पर्यंत, तारणाशिवाय. सबसिडीबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात जी रक्कम मिळते ती हातात येत नाही. ती तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहते आणि युनिट चालू दिसलं तरच कर्जात वळती होते. त्यामुळे सबसिडीवर नजर ठेवून धंदा निवडणारा माणूस बहुधा कर्ज मोठं काढतो, कारण कर्ज मोठं तर सबसिडी मोठी. हप्ते मात्र फेडावेच लागतात.

मी याला कर्ज घेऊ नको म्हटलं नाही, आत्ता नको म्हटलं. आणि सगळे पैसे स्वतःच्याच खात्यात यूपीआयने घे, आईच्या नाही, असं बजावलं. टेबलापलीकडे बसून मी काय बघायचे ते मला माहीत आहे. सुंदर बांधलेला प्रोजेक्ट रिपोर्ट मी शेवटी उघडायचे. आधी खात्याचा सहा महिन्यांचा उतारा. त्यात रोज 300, 650, 1,200 असे बारके बारके पैसे येताना दिसले की कळायचं, हा माणूस खरंच काहीतरी विकतोय. असा उतारा असलेल्याशी बोलायला फार वेळ लागत नाही.

सध्या त्याच्याकडे सहा बायका आहेत, आणि आमच्या लोकमान्यनगरातल्या फराळ करणाऱ्या दोघी, ज्यांना दिवाळीत चकली-चिरोट्यांसाठी डबे लागतात आणि एरवी थोडेफार. नोकरी चालूच आहे. सकाळी दुकानात जायच्या आधी आणि रात्री परतताना माल पोचवतो. सोडायची कधी यावर आमचं ठरलंय: सलग तीन महिने नऊ बायकांइतकी विक्री झाली तर. पण चांगल्या महिन्यांवर नाही, वाईट महिने धरून. कारण परीक्षा संपल्या की भंवरकुआ ओस पडतं, मुलं गावी जातात, आणि 30 जेवणांची बाई मे महिन्यात 12 वर येते. तेव्हा नऊचा हिशेब चालत नाही, बावीस-तेवीस बायका लागतील.

परवा आला तेव्हा मी त्याला हेच विचारलं, मेमध्ये काय? म्हणाला, उन्हाळ्यात दुकानात सगळ्यात जास्त कागदी ग्लास जातात, लस्सीवाले आणि उसाच्या रसवाले घेतात, त्यांनाही खोका मोठा पडतो. मी म्हटलं, रसवाला दिवसाला किती ग्लास घेतो? तो म्हणाला, "मोजून सांगतो." रविवारी दुपारी तो पाटनीपुऱ्याला एका रसवंतीसमोर उभा राहून वापरलेले ग्लास मोजणार आहे.